चौथीतल्या मुलीचा निबंध आणि ९१ टक्क्यांचा शिक्का

*माझी मुलगी नागपुरात मराठी शाळेत चौथीत आहे. शाळेच्या ई-अंकासाठी तिने ‘आमचा तान्हा पोळा’ लिहिलं. वहीत तिने ‘चाक निंगालं’, ‘मंग मी त्याले उचललं’ असं लिहिलं होतं, म्हणून मोबाइलवर टाइप करताना मी ते शुद्ध केलं. शाळेत गेलेला निबंध असा:*

*‘आज तान्हा पोळा होता. माझा बैल लाकडाचा आहे. तो लहान आहे. त्याला चार चाके आहेत. आईने त्याला रंग दिला. मी त्याला हार घातला. आम्ही सगळ्यांच्या घरी गेलो. काकांनी बोजारा दिला. माझ्या बैलाचे एक चाक निघाले. मग मी त्याला उचलून नेले. मला खूप मजा आली. मला तान्हा पोळा खूप आवडतो.’*

*मॅडमनी तो कुठल्यातरी वेबसाइटवर तपासला. ‘९१ टक्के एआयने लिहिलेलं’ असं आलं आणि निबंध अंकातून काढला. मी दुसऱ्या वेबसाइटवर टाकला तर १८ टक्के आलं. ते मॅडमला पाठवू का? मुलगी आता ‘अत्यंत हर्षोल्हासात’ असले शब्द शोधून लिहायला लागली आहे. काय करू?*
*— एक आई, मानेवाडा*

ताई,

आधी १८ टक्क्यांचं बोलू. तो आकडा ‘हे बघा, सुटली माझी मुलगी’ म्हणून पाठवू नका. तसा पाठवलात तर वेबसाइटचा निवाडा तुम्हीही मान्य केला असा अर्थ होईल. उद्या कोणी तिसऱ्या वेबसाइटवरून ७० टक्के आणले, तर मग बोलायला जागा राहणार नाही. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून दाखवायचे असतील तर जरूर दाखवा. त्याच एकोणपन्नास शब्दांना एक जण ९१ म्हणतो आणि दुसरा १८. इतका फरक दाखवणारे दोन तापमापक कुठल्याही डॉक्टरने कचऱ्यात टाकले असते.

आता हे ९१ आलं कुठून ते पाहू. ते कळलं की मॅडमशी काय बोलायचं ते तुमचं तुम्हालाच सुचेल.

अशी बरीचशी साधनं मजकुराचा अर्थ वाचत नाहीत. आतलं भाषेचं मॉडेल प्रत्येक शब्दापाशी थांबतं आणि इथवरचं वाक्य पाहता हा शब्द किती अपेक्षित होता, एवढंच मोजतं. तुमच्या मुलीच्या निबंधावर हे हातानेच करून बघा. ‘मी त्याला हार…’ इथे थांबा आणि पुढचा शब्द सांगा. ‘घातला’, दुसरं काय येणार? ‘मला खूप मजा…’ म्हटलं की ‘आली’ असं चौथीचा अख्खा वर्ग एका सुरात ओरडेल. ‘माझा बैल लाकडाचा’ नंतर ‘आहे’. एकच जागा अशी आहे जिथे मॉडेल अडखळेल. ‘काकांनी’ या शब्दानंतर काहीही येऊ शकतं, आणि तिथे आला ‘बोजारा’, म्हणजे तान्ह्या पोळ्याला मुलांना घरोघरी मिळणारे पैसे किंवा खाऊ. विदर्भाबाहेरच्या माणसालाही तो कळणार नाही. पण लगेच पुढे ‘दिला’, म्हणजे गाडी पुन्हा रुळावर. या सगळ्या अपेक्षित-अनपेक्षिताची सरासरी काढतात, तिला परप्लेक्सिटी म्हणतात. ती कमी आली की साधन समजतं, हे मशीनचं काम, कारण मशीनही बहुतेक वेळा अपेक्षित शब्दच निवडतं.

काही साधनं दुसरीही एक गोष्ट बघतात. मोठी माणसं लिहिताना एक वाक्य लांबलचक, मग एक तुटक, असं करतात. हा चढउतार कमी असला तरी संशय येतो. तुमच्या मुलीची बारा वाक्यं मी मोजली. सगळ्यात छोटं तीन शब्दांचं आणि सगळ्यात मोठं पाच शब्दांचं. चढउतार नाहीच. कसा असणार? चौथीतलं मूल एका वाक्यात एकच गोष्ट सांगतं आणि पूर्णविराम देतं. आपणच तसं शिकवतो. सुरुवात कशी करायची तेही शिकवतो, आणि शेवटी ‘मला अमुक खूप आवडतो’ लिहायचं हेही. त्यात मराठी वाक्य क्रियापदावर संपतं. तीन शब्दांच्या वाक्यात शेवटचा शब्द ‘आहे’ असेल, तर त्या वाक्याचा एक तृतीयांश भाग आधीच ओळखता आला. लांब वाक्यात तोच ‘आहे’ पंधरा शब्दांच्या गर्दीत लपून जातो. लहान मुलांच्या लेखनावर हा ठपका जास्त सहज का बसतो, त्याचं मोठं कारण हेच.

ही नुसती माझी अटकळ नाही. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआय कंपनीने ३१ जानेवारी २०२३ रोजी स्वतःच असं एक तपासणी साधन आणलं होतं. ते देतानाच त्यांनी सांगितलं होतं की हजार अक्षरांपेक्षा छोट्या मजकुरावर ते फार बेभरवशाचं आहे. आणि ते मुख्यतः मोठ्या माणसांच्या इंग्रजीवर तयार केलेलं असल्यामुळे मुलांनी लिहिलेल्या आणि इंग्रजी सोडून इतर भाषांतल्या मजकुरावर चुकण्याची शक्यता आहे. तुमच्या घरचा निबंध छोटा आहे, मुलीचा आहे आणि मराठी आहे. तिन्ही अटी एकदम लागू. त्याच कंपनीच्या चाचणीत माणसांनी लिहिलेल्या शंभरातल्या ९ मजकुरांवर साधनाने मशीनचा शिक्का मारला होता, तोही इंग्रजीत. त्या वर्षीच्या २० जुलैला अचूकता कमी म्हणून कंपनीने ते बंद केलं.

आणखी एक अभ्यास मॅडमना सांगण्यासारखा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी सात साधनं तपासली आणि २०२३ साली ‘पॅटर्न्स’ या नियतकालिकात निष्कर्ष छापले. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध होते. साधनांनी सरासरी ६१ टक्के वेळा ते मशीनचे ठरवले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र बहुतेक सुटले, हेही सांगायला हवं, नाहीतर मी सोयीचं तेवढंच सांगितलं असं होईल. आठवीचं मूल स्वतःच्या भाषेत बरंच फुलवून लिहितं. पण संशोधकांनी त्याच आठवीच्या निबंधांतले शब्द चॅटजीपीटीकडून साधे करून घेऊन पुन्हा तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा मशीनचा शिक्का बसला. निबंध त्याच मुलांचे होते, बदलली ती फक्त शब्दांची श्रीमंती. उलटही केलं. टोफेलच्या निबंधांतले शब्द चॅटजीपीटीकडूनच भारी करून घेतले, तर चुकीचा शिक्का बसण्याचं प्रमाण ६१ वरून १२ टक्क्यांच्या आसपास आलं. म्हणजे मशीनची मदत घेतल्यावर माणूस ‘माणूस’ ठरला!

तुमच्या मुलीच्या ‘अत्यंत हर्षोल्हासात’चं गणित इथे जुळतं. तिने नेमकं ओळखलंय की सोपं लिहिलं म्हणून ती अडकली. तिला आत्ता थांबवा, पण रागावून नको. ‘तू लिहिलेलं तपासणाऱ्या यंत्राला लहान मुलांचं मराठी वाचता येत नाही’ एवढं सांगितलं तरी पुरे, कारण ते खरं आहे.

मराठीत याच्याही खाली एक अडचण आहे. संगणकात देवनागरीची प्रत्येक खूण, म्हणजे अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार, बहुतेक वेळा तीन-तीन बाइटमध्ये, म्हणजे साठवणुकीच्या तीन छोट्या घरांत, ठेवली जाते. त्यातला पहिला बाइट सगळ्या देवनागरीत एकच असतो आणि दुसऱ्यासाठी फक्त दोन पर्याय असतात. इंग्रजीवर वाढलेली जुनी मॉडेल्स मराठी शब्द अख्खा गिळू शकत नाहीत, असे बारीक तुकडे करून घेतात. मग पुढचा तुकडा ओळखणं फुकटात जमतं, आणि तुकड्यागणिक सरासरी काढली की मराठी मजकूर मुळातच ‘सोपा’ दिसतो, मग तो कोणीही लिहिलेला असो. नव्या मॉडेल्समध्ये मराठीचे तुकडे बरे पडतात. पण फुकटच्या वेबसाइटने आत कोणतं मॉडेल बसवलंय हे बहुधा कुठे लिहिलेलं नसतं. तेव्हा वेबसाइटवर मराठीसाठी चाचणी केल्याचं काही लिहिलं आहे का, एवढं मॅडमना बघायला सांगा. मराठी मजकूर चिकटवता येतो आणि आकडा येतो, याचा अर्थ मराठी तपासली गेली असा होत नाही.

आता तुमच्या टायपिंगचं. मुलांचं शुद्ध करून देणं घरोघरी चालतं आणि मी त्याला गुन्हा मानत नाही. पण काय झालं बघा. ‘निंगालं’, ‘मंग’, ‘त्याले’ ही आपल्या इकडच्या तोंडची रूपं. छापील मराठीवर शिकलेल्या मॉडेलला ती अनपेक्षित. अख्ख्या निबंधात ‘बोजारा’ सोडला तर मॉडेलला अडखळायला लावणाऱ्या एवढ्याच जागा होत्या, आणि नेमक्या त्याच गेल्या. शिवाय मोबाइलच्या कीबोर्डवर टाइप करताना वरच्या पट्टीत पुढचा शब्द सुचवला जातो. आपण तो टिचकी मारून घेतला की तिथला शब्द सर्वात अपेक्षितच असणार. तुमची वाक्यं तशी झाली असतील असं नाही, पण पुढच्या वेळी सूचना बंद करा. आणि मॅडमशी बोलताना हे आपणहून सांगा: ‘भाषा मी शुद्ध केली, मजकूर तिचा आहे, कच्ची वही सोबत देते.’ ते नंतर कळलं तर विनाकारण लपवाछपवी वाटेल.

कच्ची वही हाच तुमचा खरा कागद आहे. खाडाखोड, पुसलेल्या ओळी, मधेच बदललेली पेन्सिल, आधीच्या पानावरचा अभ्यास, सगळ्यासकट. त्या पानांचे फोटो काढून ठेवा आणि मूळ वही मॅडमना दाखवा.

इथे एक गोष्ट तुमच्याही विरुद्ध जाणारी आहे. चॅटजीपीटीला ‘चौथीतल्या मुलीसारखं तान्ह्या पोळ्यावर लिही’ म्हटलं, तर ते जवळपास अशीच छोटी वाक्यं देईल. म्हणजे ‘इतकं साधं आहे, मशीन कसं लिहील?’ हा बचाव चालत नाही. एकोणपन्नास साध्या शब्दांत लेखक कोण, याचा पुरावाच मावत नाही, ना मुलीच्या बाजूचा ना विरुद्धचा. यापेक्षा हुशार साधन आणलं तरी त्या मजकुरात जे नाही ते ते कुठून काढणार? म्हणून मजकुराच्या बाहेर बघावं लागतं, वहीत आणि मुलीत.

मुलीत बघायचं ते असं. मॅडमनी तिला शेजारी बसवून गप्पा मारल्यासारखं विचारावं: चाक कुठे निघालं? मग ते चाक कोणाजवळ दिलं? बोजाऱ्यात काय मिळालं, पैसे की खाऊ? जिच्या बैलाचं चाक खरंच निघालं ती निबंधात नसलेल्या चार गोष्टी सांगेल. मूल लाजाळू असेल तर तोंडी नको. वर्गात सगळ्यांनाच एखादा ताजा विषय देऊन दहा मिनिटं लिहायला लावावं आणि दोन्ही लेखनं शेजारी ठेवावीत. एकट्या तुमच्या मुलीला लिहायला बसवू नये, ही मात्र तुमची अट असू द्या. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला वर्गासमोर आरोपी करण्याइतकं मोठं काही घडलेलं नाही.

मॅडमचा वेबसाइटवर फारच विश्वास असेल, तर वाद घालू नका, त्यांनाच एक तपासणी करायला सुचवा. आपल्याकडच्या बऱ्याच शाळांत दरवर्षी मुलांचं हस्तलिखित निघतं आणि ग्रंथालयाच्या कपाटात जुने अंक पडून असतात. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुलं झालं. २०१६, २०१७, २०१८ अशा एखाद्या अंकातले तिसरी-चौथीच्या मुलांचे दहा निबंध घ्यायचे, ‘माझी आई’, ‘पावसाळ्यातील एक दिवस’ असले नेहमीचे. ते आहेत तसे, चुकांसकट टाइप करायचे आणि त्याच वेबसाइटवर टाकायचे. मग त्यांतल्याच चुका दुरुस्त करून पुन्हा टाकायचे. मुलांची नावं काढून टाका, परक्या वेबसाइटला ती द्यायचं कारण नाही. त्या मुलांनी एआय वापरलं असण्याचा प्रश्नच येत नाही, म्हणून जितक्यांवर शिक्का बसेल तितके निखालस चुकीचे. दुरुस्त केल्यावर आकडा चढला, तर तुमच्या टायपिंगने काय केलं तेही डोळ्यांसमोर येईल. दहातला एकही नाही अडकला, तर वेबसाइट बरोबर ठरली असं मात्र नाही. दहा निबंध त्यासाठी फार थोडे आहेत. आणि पाठ्यपुस्तकातला धडा या कामाला घेऊ नका. प्रसिद्ध मजकूर मॉडेलने शिकतानाच वाचलेला असू शकतो, मग तो वेगळ्याच कारणाने अडकतो.

अजून एक साधा हिशोब. वर्गात चाळीस मुलं आहेत आणि सगळ्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय असं धरा. ओपनएआयच्या साधनाइतकीच, म्हणजे शंभरात ९ वेळा चूक होत असेल, तर सरासरी तीन-चार मुलांवर शिक्का बसेल. प्रत्येक निबंधाला बसत राहील. ‘९१ टक्के’ या आकड्यातून हे दिसत नाही. तुमच्या मुलीने नक्कल केली असण्याची शक्यता ९१ टक्के आहे असा त्याचा अर्थच नाही. मजकूर साधनाच्या मोजपट्टीवर मशीनसारखा किती दिसतो, एवढंच ते सांगतं. आणि चौथीच्या मुलांचा तो तसा का दिसतो ते वर आलंच आहे.

मॅडमना काय लिहायचं असा प्रश्न पडेल म्हणून मजकूर देतो, हवा तसा बदला:

‘नमस्कार मॅडम. तान्ह्या पोळ्याच्या निबंधाबद्दल दहा मिनिटं भेटायचं होतं. कच्ची वही आणते. भाषा मी शुद्ध केली होती, ती चूक-बरोबर तुम्ही ठरवा, पण लिहिलेलं तिचं आहे. तिच्याशी तुम्ही स्वतः बोलून पाहावं अशी विनंती. छोट्या मजकुरावर आणि मुलांच्या लेखनावर अशी साधनं चुकतात असं वाचलं आहे, तेही दाखवते.’

वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर हे टाकू नका. तिथे दोन मिनिटांत बाकीचे आपापल्या मुलांचे निबंध तपासून आकडे टाकायला लागतील. भेटीत मॅडमनी ऐकलं तर निबंध अंकात घ्यायला सांगा, आणि जमलं तर ‘निंगालं’सकट. ई-अंकाला पानांची टंचाई नसते. नाहीच ऐकलं तर मुख्याध्यापकांकडे जा, पण तिथे एकच गोष्ट मागा: फक्त वेबसाइटच्या आकड्यावरून, वही न बघता आणि मुलाशी न बोलता, कोणाचंही लेखन बाद करू नये. ई-अंकासाठी मुलांच्याच हातचं वहीतलं पान स्कॅन करून घ्यावं, असंही सुचवा. टायपिंगचं काम शाळेचं राहील आणि तुमच्यासारख्या आयांना शुद्धलेखनाचा मोह होणार नाही.